आपत्कालीन विभागातली कोंडी शोधताना या चुका टाळा

आपत्कालीन विभागाच्या नोंदी हाती आल्या की बहुतेक जण आधी सरासरी काढतात. रुग्ण आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मधला फरक, महिन्याची सरासरी. मग ‘आपल्याकडे रुग्णाला चार तास लागतात’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येतं आणि डॉक्टर वाढवायचे की नोंदणीची खिडकी, यावर वाद सुरू होतो. त्या एका आकड्यातून कोंडी कुठे आहे ते कळणारच नाही. औषध घेऊन घरी जाणारा रुग्ण आणि वॉर्डात दाखल होणारा रुग्ण यांचा अडकण्याचा ठिकाणा वेगळा असतो. दोघांची सरासरी एकत्र काढली की दोन्ही ठिकाणं दिसेनाशी होतात.

एका रुग्णालयात यापायी बरेच पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत. संध्याकाळी रुग्ण डॉक्टरांसाठी ताटकळतात असं नोंदींत दिसलं, म्हणून संध्याकाळी एक डॉक्टर वाढवला. प्रतीक्षा तेवढीच राहिली. मग आम्ही दाखल होणारे रुग्ण वेगळे काढले आणि त्यांच्या वेळेचे तुकडे पाडले: आगमन ते ट्रायाज, ट्रायाज ते डॉक्टर, डॉक्टर ते दाखल करण्याचा निर्णय, निर्णय ते प्रत्यक्ष वॉर्डात रवानगी. तिसरा तुकडा दिवसभर जवळजवळ सारखाच होता. चौथा दुपारपासून लांबत जात होता. वॉर्डात सकाळच्या राउंडला डिस्चार्ज ठरायचा, पण कागद, औषधं, बिल आणि नातेवाईक यांत बेड रिकामा व्हायला संध्याकाळ उजाडायची. तोवर दाखल झालेला रुग्ण आपत्कालीन विभागाच्याच ट्रॉलीवर पडून. नवा डॉक्टर मोकळा होता, पण रुग्णाला तपासायला झोपवायचं कुठे?

हिशेब सोपा आहे. तासाला २ रुग्ण दाखल होत असतील आणि प्रत्येक जण निर्णयानंतर ४ तास थांबत असेल, तर कोणत्याही क्षणी सरासरी ८ ट्रॉल्या त्यांनीच अडवलेल्या असतात. विभागात २० ट्रॉल्या असतील तर नव्या रुग्णांसाठी उरल्या १२.

म्हणून मी सरासरीच्या आधी तासवार मोजणी करते. दर तासाला विभागात किती जण होते आणि ते कशासाठी थांबले होते: ट्रायाज, डॉक्टर, तपासण्यांचे निकाल की वॉर्डातला बेड. बेडसाठी थांबलेल्यांची संख्या आधी चढली आणि डॉक्टरांसाठी थांबलेल्यांची मागून, तर कोंडी वॉर्डात आहे. ट्रॉल्या रिकाम्या असूनही डॉक्टरांसाठी रांग असेल, तर डॉक्टर खरंच कमी आहेत. हे काम कंटाळवाणं आहे आणि नवशिक्यांना ते टाळून थेट डॅशबोर्ड हवा असतो. पण निर्णय घ्यायला उपयोगी पडते ती हीच मोजणी.

दुसरी चूक याहून वाईट: कॉलमच्या नावावर विश्वास ठेवणं. ‘दाखल करण्याचा निर्णय’ ही वेळ निर्णयाचीच असेल असं नाही. काही ठिकाणी संगणक बेड क्रमांक भरल्याशिवाय ती नोंद पुढे जाऊच देत नाही. मग डॉक्टरांनी दुपारी ठरवलेलं दाखल करणं रात्री बेड मिळाल्यावर नोंदलं जातं. बेडची सगळी प्रतीक्षा ‘उपचार’ या तुकड्यात जमा होते आणि डॉक्टर संथ आहेत असा निष्कर्ष निघतो. विभागात एक पाळी उभं राहून कोण, कधी, कुठलं बटण दाबतं ते बघा. त्याला पर्याय नाही.

उभं राहण्याआधी एक चाचणी मात्र बसल्या जागी होते. मिनिटांचा शेवटचा अंक काढा:

```
=MOD(MINUTE(B2),10)
```

संगणकाने आपोआप टिपलेल्या वेळेत ० ते ९ हे अंक साधारण सारख्या प्रमाणात येतात, म्हणजे ० आणि ५ मिळून सुमारे २० टक्के. ते निम्म्याच्या आसपास निघाले तर वेळा अंदाजाने, बहुधा पाळी संपताना भरल्या आहेत. अशा नोंदींवर दहा मिनिटांच्या फरकाची चर्चा करू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. तारीख न घेता फक्त वेळ घेतली की मध्यरात्र ओलांडणारे रुग्ण उणे मिनिटं दाखवतात. त्या ओळी पुसू नका, तारीख जोडा. दोन-तीन जण फार लांबले की सरासरी फुगते, म्हणून मध्यक पाहा आणि सोबत दहातला सर्वांत उशिरा सुटणारा एक जण किती थांबतो तेही. आणि तपासणी न होताच कंटाळून निघून गेलेल्यांना वगळू नका. त्यांच्या नोंदीत डॉक्टरांची वेळ कोरी असते म्हणून ते गाळले जातात, आणि गर्दीच्या दिवशी प्रतीक्षा कागदावर कमी दिसते. त्यांची संख्या तासवार मोजणीत वेगळ्या रकान्यात ठेवा. आगमनाच्या तासाखाली मांडली की ती बेडच्या रांगेसोबत चढते का ते लगेच दिसतं.