पाणी ओसरल्यावरची रील: ट्रेंडच्या ऑडिओवर लेप्टोचा निरोप बसवताना

मुंबईत हिंदमाता किंवा अंधेरी सबवेत पाणी तुंबलं की त्यातून ऐटीत चालणाऱ्यांच्या रील्स सुरू होतात. त्याच लाटेवर लेप्टोची, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची रील करायची असेल, तर आधी निरोप एका वाक्यात कागदावर उतरवा: साचलेल्या पाण्यातून चाललात, तर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. पुढे बाकी सगळं बदललं तरी चालेल, हे नाही.

मग ऑडिओ. त्यावरच्या पंधरा-वीस रील्स सलग पाहा आणि शेवटी सरशी कोणाची होते ते टिपा. बिनधास्त माणूस जिंकत असेल तर तो ऑडिओ सोडा, कितीही चालत असला तरी. त्याचा अर्थ लोकांच्या कानात आधीच बसलेला असतो. वर काहीही लिहा, ऐकू येतं ते "काही होत नाही" एवढंच. बढाई मारणारा तोंडघशी पडतो, असा ऑडिओ इथे कामाचा. संस्थेचं बिझनेस अकाउंट असेल तर तो तिथे मिळतोय का, हेही आत्ताच बघा. बरीच गाणी त्या खात्यांना वापरता येत नाहीत.

आता सेकंद मोजा. समजा ऑडिओ १२ सेकंदांचा आहे: ७ सेकंद बढाई, १ सेकंद शांतता, ४ सेकंद दणका. बढाईवर मजकूर येतो, "घरी आलो, साबणाने पाय धुतले, विषय संपला." शांततेत कॅमेरा टाचेवर, चप्पल लागून सोललेल्या कातडीवर. दणक्यावर: "पाण्यातून आलात? ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा." नेहमीची चूक इथेच होते. दणक्यावर घाबरलेला चेहरा ठेवतात आणि निरोप कॅप्शनमध्ये ढकलतात, जे फारसं कोणी उघडत नाही. चार सेकंदांत आठ-नऊ शब्दच धड वाचून होतात, म्हणून उंदराचं मूत्र, जखमेतून शिरणारे जंतू हे सगळं कॅप्शनला. औषधाचं नाव मात्र तिथेही नको. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना वेगळं औषध लागतं, आणि नाव दिसलं की लोक थेट मेडिकलवाल्याकडे जातात.

शूटिंगसाठी पाण्यात उतरू नका, उघडं मॅनहोल दिसत नाही. जिन्यात ओली पँट पुरते. मजकूर मधोमध ठेवा. खालचा पाव भाग आणि उजवी कड बटणांखाली जाते.

पोस्ट करण्याआधी आवाज बंद करून रील ट्रेंड माहीत नसलेल्या शेजारच्या काकूंना दाखवा आणि "काय करायचं?" विचारा. "गमबूट घालायचे" असं उत्तर आलं तर दणक्यावरची ओळ बदला. एवढं सगळं पाऊस पडायच्या आधी करून ठेवा, कारण चौथ्या दिवशी टाकलेली रील त्या पुरापुरती वाया गेली. एडिट लांबतंय असं दिसलं तर ऑडिओचा नाद सोडून ते एक वाक्य साध्या फोटोवर टाका.