पहिल्या महिन्यात सोलरचे युनिट कमी आले? इन्स्टॉलरला पत्र लिहिताना या चुका टाळा

दरवर्षी पावसाळ्यात दुकानदारांची तीच पत्रे माझ्यासमोर तपासायला येतात, आणि बहुतेकांत पहिली चूक तीच असते: वीजबिलावरील निर्यात युनिटांनाच सोलरची एकूण निर्मिती समजले जाते. नेट मीटर फक्त ग्रिडकडे गेलेली आणि ग्रिडकडून आलेली वीज मोजतो. दिवसा दुकानातील फ्रीज, पंखे आणि दिवे यांनी थेट वापरलेली वीज त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. एकूण निर्मिती पाहायची असेल तर जनरेशन मीटर किंवा इन्व्हर्टर वाचावा लागतो.

लक्ष्मीपुरीतील एका दुकानदाराने ५ किलोवॅटच्या यंत्रणेबद्दल असेच पत्र धाडले होते. "६०० युनिटांचे आश्वासन होते, २१२ मिळाले, बाकीचे पैसे परत करा," असा त्याचा सूर होता. जनरेशन मीटरवर मात्र त्याच महिन्यात ३७१ युनिट नोंदले होते, म्हणजे १५९ युनिट दुकानानेच वापरले होते. शिवाय कोटेशनमधील ६०० हा आकडा किलोवॅटला दिवसाला वर्षभराची सरासरी ४ युनिट धरून काढलेला महिन्याचा अंदाज होता आणि महिना जुलैचा होता. कोल्हापूरच्या जुलैत एप्रिलएवढे ऊन मागणे व्यर्थ आहे. इन्स्टॉलरने "पावसाळा आहे" एवढ्या एका ओळीत उत्तर देऊन विषय मिटवला.

खरी तक्रार त्यामुळे दडपली गेली. इन्व्हर्टरच्या नोंदी उघडल्यावर दिसले की उघडीप मिळालेल्या प्रत्येक दिवशी, ऐन दुपारी, आलेख एकदम शून्यावर येत होता आणि ग्रिडचा व्होल्टेज जास्त झाल्याची नोंद पडत होती. गच्चीपासून मीटरपर्यंतची एसी केबल लांब आणि बारीक होती. निर्मिती वाढली की इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज चढायचा आणि तो सुरक्षेसाठी बंद पडायचा. ढगाळ दिवशी हा दोष दिसत नाही, म्हणून महिन्याची बेरीज पाहून तो सापडतही नाही. माझ्या मते बेरजेवर भांडण्याची घाईच मुळात नडते.

दुसरे पत्र मी असे लिहायला लावले:

"सप्रेम नमस्कार. सोबत जनरेशन मीटरच्या महिन्याच्या पहिल्या व शेवटच्या दिवसाच्या वाचनाचे फोटो आणि इन्व्हर्टरचे उघडिपीच्या दिवसांचे आलेख जोडले आहेत. दुपारी इन्व्हर्टर बंद पडण्याच्या अगदी आधी, तो चालू असतानाच, इन्व्हर्टरपाशी व मीटरपाशी एकाच वेळी व्होल्टेज मोजून फरक कळवावा, तसेच आपल्या अंदाजाचे महिनावार आकडे लेखी द्यावेत."

दोन्ही ठिकाणच्या व्होल्टेजमध्ये मोठा फरक निघाला तर दोष केबलचा असतो. मीटरपाशीच व्होल्टेज चढलेला असेल तर तक्रार वीज कंपनीकडे न्यावी. इथे दोष केबलचा निघाला आणि इन्स्टॉलरने ती जाड घालून दिली.

पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलवर पडते का, हे पत्रापूर्वी सकाळी आणि संध्याकाळी स्वतः गच्चीवर जाऊन पाहावे. नेट मीटर महिन्याच्या मध्यात बसला असेल तर पहिल्या बिलातील निर्यात अपुऱ्या दिवसांचीच असते. कोटेशनची प्रत जोडायला विसरू नये, आणि फोनवरच्या बोलण्याला आश्वासन म्हणू नये.