पाहुण्यांचा परिचय: तालमीचं रेकॉर्डिंग कसं करावं आणि कसं ऐकावं

पुण्यात व्याख्यानांची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला 1875 साली सुरू केली, आणि आजही पेठेतल्या छोट्या वाचनालयापासून सोसायटीच्या गणेशोत्सवापर्यंत वक्ता बोलायला उभा राहण्याआधी कुणीतरी त्याचा परिचय करून देतं. हे काम बहुतेक वेळा नवख्या कार्यकर्त्याच्या वाट्याला येतं. मजकूर चांगला असतो, पण बोलताना तो धावत सुटतो आणि मध्ये मध्ये ‘तर’, ‘म्हणजे’, ‘अं’ घुसतात. बोलताना हे आपल्याला कळत नाही. रेकॉर्डिंगमध्ये ते स्पष्ट ऐकू येतं, पण ऐकायची एक पद्धत असावी लागते.

माझ्या भाचीला एका वाचनालयाच्या कार्यक्रमात भूगोलाच्या निवृत्त प्राध्यापकांचा परिचय करून द्यायचा होता. तिचं उदाहरण घेऊनच सांगतो.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. तो हातात धरू नका. साधारण एक मीटरवर, छातीच्या उंचीच्या कपाटावर ठेवा. विमान मोड चालू करा, म्हणजे मध्येच फोन वाजणार नाही. पंखा बंद करा. पंख्याच्या घरघरीत श्वासाचा आवाज बुडतो, आणि घाई ओळखायला तो श्वासच ऐकायचा असतो. पहिल्या खेपेला व्हिडिओ नको. व्हिडिओत लक्ष केसांकडे, ओढणीकडे, हातांकडे जातं आणि कान बंद पडतात.

बसून वाचू नका. खुर्चीतून उठा, चार पावलं चालत या, ‘नमस्कार’पासून सुरुवात करा आणि चुकलात तरी न थांबता शेवटपर्यंत जा. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची सवय लागली, तर पहिली चार वाक्यं घोटून तयार होतात आणि पुढचा भाग कच्चाच राहतो. घरातल्या शांततेत सगळेच बरे बोलतात, म्हणून निदान एक रेकॉर्डिंग दोन मजले जिने चढून आल्या आल्या करा. छाती धडधडत असताना वाक्य कुठे तुटतं, ते त्यात दिसतं. मंचावर साधारण तसंच होतं.

आता ऐकणं. आपला आवाज बोलताना आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये तो फक्त हवेतून येतो. त्यामुळे तो पातळ आणि परका वाटतो. पहिल्यांदा काहीही न लिहिता नुसतं ऐका आणि तो परकेपणा जाऊ द्या. त्यानंतर मजकुराची छापील प्रत आणि लाल पेन घेऊन बसा.

दुसऱ्या ऐकण्यात फक्त पालुपदं शोधायची. एकूण किती आली, यापेक्षा ती कुठे आली हे महत्त्वाचं. ज्या जागी शब्द आला, तिथेच प्रतीवर खूण करा. अर्थासाठी आलेला ‘म्हणजे’ सोडून द्या, कारण समजावून सांगताना तो लागतोच. भाचीचं मधलं एक वाक्य ऐकून उतरवलं, ते असं निघालं: “तर सरांनी, अं, सरांनी जे आहे ते फर्ग्युसनमधून म्हणजे भूगोलात पदवी घेतली आणि मग त्यानंतर तर त्यांनी, अं, नदीखोऱ्यांवर काम केलं.” कागदावर होतं: “सरांनी फर्ग्युसनमधून भूगोलात पदवी घेतली. त्यानंतर त्यांनी नदीखोऱ्यांवर काम केलं.” तिने हे उतरवलेलं वाचलं आणि म्हणाली, “मामा, मी एवढ्या वेळा ‘तर’ म्हणते?”

खुणांची जागा कारण सांगते. वाक्याच्या सुरुवातीचा ‘तर’ आला, म्हणजे आधीच्या वाक्यातून या वाक्यात कसं यायचं ते ठरलेलं नाही. नावाच्या किंवा विषयाच्या आधी ‘अं’ आला, म्हणजे ते नाव अजून जिभेवर बसलेलं नाही. भाचीचे दोन्ही प्रकार होते. नावांवर उपाय सोपा आहे: तेवढी नावं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून मोठ्याने म्हणायची. सांध्यांवर मात्र कागदात दुरुस्ती करावी लागते. दोन वाक्यांमध्ये उभी रेघ मारा आणि तिथे तोंड मिटून नाकाने श्वास आत घ्या. ‘अं’ बाहेर जाणाऱ्या श्वासावर येतो. श्वास आत जात असताना तो येऊच शकत नाही. ती शांतता तुम्हाला फार लांब वाटेल. रेकॉर्डिंगमध्ये ऐका, ती सहज वाटते.

तिसरं ऐकणं वेगासाठी. इथे मिनिटाला इतके शब्द असा इंग्रजी भाषणांसाठी सांगितलेला आकडा उचलू नका. मराठीत ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द मोजला जातो. आपलं माप आपणच काढावं. तोच परिचय घरात कुणालातरी चहा पिताना गप्पांसारखा सांगा, तोही रेकॉर्ड करा आणि त्याचा वेग मोजा. भाचीचा निघाला मिनिटाला सुमारे 110 शब्द.

मग तालमीचे तुकडे पाडा. सगळ्याची सरासरी काढली तर नेमकी घाई लपते. तिचा मजकूर 160 शब्दांचा, वेळ लागला 68 सेकंद, म्हणजे मिनिटाला साधारण 141. तुकडे पाडल्यावर खरी गोष्ट कळली. सुरुवातीचे 40 शब्द 22 सेकंदांत, शेवटचे 40 शब्द 20 सेकंदांत, दोन्ही ठीक. मधले 80 शब्द मात्र 26 सेकंदांत, म्हणजे मिनिटाला जवळजवळ 185. तिथे पदव्या, पदं आणि पुरस्कारांची यादी होती.

आकडे न मोजताही हे कानाला कळतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून घाईत पहिला बळी त्याचाच जातो. ‘भूषवलं’चं ‘भूष्लं’ होतं, ‘आहेत’ नुसतंच ‘हेत’ उरतं. श्वास वाक्याच्या शेवटी न येता मध्येच ओढल्यासारखा ऐकू येतो. फोनवर आवाजाची रेघ दिसत असेल तर तीही बघा. वाक्यांमधल्या सपाट जागा त्या भागात नाहीशा झालेल्या असतात.

अशा ठिकाणी ‘सावकाश बोल’ म्हणून उपयोग होत नाही. यादी धावते, कारण ऐकणाऱ्याला ती नको आहे हे बोलणाऱ्याला आतून ठाऊक असतं. यादी कापा. आम्ही पुरस्कार आणि समित्या काढल्या, मधला भाग 50 शब्दांवर आणला आणि सरांच्या नदीखोऱ्यांच्या कामाचं एकच वाक्य नीट ठेवलं. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये तो भाग 28 सेकंद चालला. सगळा परिचय 130 शब्दांचा झाला आणि 71 सेकंदांत संपला. शब्द कमी झाले, वेळ जवळपास तेवढाच राहिला, आणि मधले ‘अं’ बहुतेक आपोआप गेले, कारण ते आठवण्याच्या ओझ्यातून येत होते.

सगळी पालुपदं काढायच्या मागे लागू नका. एखादा ‘तर’ राहिला तर बोलणं जिवंत वाटतं. एकाच जागी प्रत्येक खेपेला येणारा शब्द तेवढा पकडा. म्हणून जुनी रेकॉर्डिंग पुसू नका. आजची आणि परवाची प्रत शेजारी ठेवली की तीच जागा पुन्हा लाल झाली का, ते दिसतं.

कार्यक्रमाच्या दिवशी तिसऱ्या रांगेतल्या मैत्रिणीला फोनवर रेकॉर्ड करायला सांगा. घरी आल्यावर पूर्ण ऐकायची गरज नाही. मधला तुकडा मोजा, आणि तालमीतल्या 28 सेकंदांच्या शेजारी लिहून ठेवा.