९० दिवसांचा नोटीस पीरियड आणि रिक्रूटरचं ‘बायआउट होऊन जाईल’

वाळूजमधली नोकरी सोडून चाकणला जायचं म्हटलं की पहिल्याच फोनवर प्रश्न येतो, नोटीस किती? ९० असेल तर ९०च सांगा. आमच्याकडचे सिनिअर म्हणतात, "तीस सांग बिनधास्त, पुढचं पुढं बघू." ऑफर फिसकटली की हेच लोक फोन उचलत नाहीत. नोटीस कमी करायचं बोलणं पगाराच्या बोलणीसोबत काढा, ऑफर लेटर निघायच्या आधी. एकदा जॉइनिंगची तारीख छापली की रिक्रूटरलाही ती हलवणं जड जातं.

मला रडवलं ते पुढच्या गोष्टीनं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रिक्रूटर "बायआउट होऊन जाईल", म्हणजे उरलेल्या नोटीसचे पैसे भरून सुटता येईल, असं म्हणते तेव्हा ती फक्त पैशांबद्दल बोलत असते. तुम्हाला लवकर सोडायचं की नाही, हे जुनी कंपनी ठरवते. अपॉइंटमेंट लेटर काढून नोटीसचं कलम वाचा. "नोटीस किंवा त्याऐवजी पगार" एवढंच असेल तर तुमची बाजू बरी आहे. त्याला "कंपनीच्या मर्जीनुसार" असं शेपूट असेल, तर पैसे भरायला तयार असूनही मॅनेजर अडवू शकतो. माझ्या लेटरात ते शेपूट होतं. कस्टमर ऑडिट तोंडावर, लाइनवर दुसरा क्वालिटीवाला नाही, मॅनेजर ऐकेचना. कोणतं काम कोणाला, कोणत्या तारखेपर्यंत शिकवणार याची यादी दिली तेव्हा कुठं ४५ दिवसांवर गाडी आली.

घाबरू नका, बहुतेक ठिकाणी काहीतरी कमी होतंच. पण उरलेल्या दिवसांचा हिशोब आधी करा. समजा ग्रॉस ४२,००० आणि बेसिक २१,००० आहे. ४५ दिवस म्हणजे दीड महिना. कपात बेसिकवर असेल तर ३१,५०० जातील, ग्रॉसवर असेल तर ६३,०००. नवी कंपनी "एक महिन्याचा बेसिक देऊ" म्हणाली, तर तिच्याकडून येणार २१,०००. बाकीचे तुमच्या खिशातून. तेही बहुधा आधी तुम्ही भरायचे आणि जुन्या कंपनीच्या शेवटच्या हिशोबाचा, फुल अँड फायनलचा कागद दाखवून जॉइन झाल्यावर मागायचे. वर नव्या कंपनीकडून आलेली ती रक्कम करपात्र पगारात धरली जाते.

म्हणून रिक्रूटरला मेलवरच विचारा: "जुन्या कंपनीनं ४५ दिवसांत सोडलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे तुम्ही द्याल का? जास्तीत जास्त किती, कोणत्या कागदावर, कोणत्या महिन्यात? वर्षाच्या आत सोडलं तर परत घ्याल का? आणि सोडलंच नाही, तर ९० दिवसांनंतरची जॉइनिंग चालेल का?" शेवटच्या प्रश्नाला फोनवर "बघू" असं उत्तर आलं, तर राजीनामा टाकू नका. रिलिव्हिंग लेटर न घेता पळून जायचा सल्ला तर कानावरही घेऊ नका, पुढच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला तेच पहिलं मागतात.

मॅनेजर हो म्हणाला तरी एचआरकडून शेवटच्या दिवसाची तारीख मेलवर घ्या आणि तोच मेल रिक्रूटरला पाठवा. पुण्यातली खोली त्यानंतर बघा, नाहीतर डिपॉझिट अडकू शकतं.