सहकारी म्हणून समितीला पत्र देताय? या चुका टाळा, नाहीतर खरं असून पत्र वाया जातं

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीत, ती चौकशी करणाऱ्या संस्थेच्या अंतर्गत समितीपुढं सहकाऱ्यानं दिलेलं पत्र बहुतेक वेळा एकाच कारणानं पडतं. स्वतः डोळ्यांनी बघितलेलं, तक्रारदार मैत्रिणीकडून ऐकलेलं आणि मनानं ताडलेलं हे तिन्ही एकाच वाक्यात कालवलेलं असतं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, मैत्रिणीची बाजू भक्कम व्हावी असं वाटतं म्हणून जोर लावून लिहितो आपण, आणि तोच जोर नंतर अंगलट येतो.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे नेमकं काय बिघडतं ते दिसेल. माणसं आणि प्रसंग रचलेले आहेत पण चुका अगदी नेहमीच्या. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची पतसंस्थेची शाखा धरा. रेखा तिथं क्लार्क, सुनंदाताई कॅशियर, आणि तक्रार शाखाधिकाऱ्याविरुद्ध. सुनंदाताईंनी पहिल्यांदा लिहिलेलं पत्र असं:

"रेखा मॅडम अत्यंत सालस व प्रामाणिक आहेत. साहेब त्यांना कायम त्रास देतात हे सगळ्या स्टाफला माहीत आहे. डिसेंबर महिन्यात साहेबांनी त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बोलावून हात धरला व अश्लील बोलले. त्या घाबरून पळत बाहेर आल्या. तरी साहेबांवर कडक कारवाई व्हावी."

वाचायला बरं वाटतं. आता समितीसमोर जबाबाला बसल्यावर पहिला प्रश्न येतो, रेकॉर्ड रूममध्ये तुम्ही होतात का? नाही. मग हात धरलेला कुणी बघितला? रेखानं सांगितलं. अश्लील म्हणजे नेमके कोणते शब्द, ते तुम्ही ऐकले का? नाही, तेही तिनंच सांगितलं. सगळ्या स्टाफला माहीत आहे म्हणजे कुणाकुणाला? इथं ताई गप्प. झालं, पत्रातलं एकही वाक्य उभं राहिलं नाही, आणि वाईट म्हणजे समोरचा माणूस आता म्हणू शकतो की ही बाई शिकवलेलं बोलायली.

आणि खरी हळहळ अशी की ताईंनी त्या दिवशी बरंच काही स्वतः बघितलं होतं, तेच पत्रात आलं नाही! निवांत बसवून विचारलं की सांगतात: मी काउंटरवर कॅश टॅली करायला बसले होते, तिथनं रेकॉर्ड रूमचं दार समोरच, दहाबारा फुटांवर. साहेब आधी आत गेले, मग आतूनच रेखाला हाक मारली की मागच्या वर्षीची व्हाउचरची फाईल शोधून दे. ती आत गेली आणि दार लागलं. ते दार कधीच लावत नाहीत कारण आत खिडकी नाही, दाराला कायम एक प्लास्टिकची खुर्ची लावलेली असते, त्या दिवशी खुर्ची बाजूला सरकवलेली होती. थोड्या वेळानं रेखाचा आवाज आला, "सर, सोडा." ती बाहेर आली तेव्हा हातात फाईल नव्हती, डाव्या हातातली काचेची बांगडी फुटलेली होती आणि मनगटावर लाल वण होता. मागनं साहेब आले आणि कुणाशी न बोलता गाडी काढून गेले.

हे पत्रात हवं. "हात धरला" हे ताईंनी बघितलं नाही तर ते बघितलं म्हणून लिहायचं नाही, पण दार, खुर्ची, आवाज, बांगडी, वण हे सगळं त्यांचं स्वतःचं आहे आणि ते कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. बांगडी साहेबांनी फोडली असंही लिहू नका, फुटलेली दिसली एवढंच लिहा, पुढचा अर्थ समितीला लावू द्या. बंद दाराआडच्या गोष्टीला डोळ्यांनी बघणारा साक्षीदार सहसा नसतोच, समितीलाही ते माहीत असतं, आणि फौजदारी कोर्टासारखं शंकेला जागाच नको एवढा पुरावा इथं लागत नाही, दोन बाजूंपैकी कोणती घडलेली असण्याची शक्यता जास्त ते बघतात. त्यामुळं अशा बारीक खुणांचं वजन तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त असतं.

मग रेखानं जे सांगितलं ते टाकून द्यायचं का? अजिबात नाही, आणि ही चूक उलट्या बाजूची. "मी बघितलं नाही ना, मग कशाला लिहू" म्हणून लोक ते गाळतात. आत काय झालं याच्या तुम्ही साक्षीदार नाहीत, पण तिनं तुम्हाला सांगितलं या गोष्टीच्या तर आहात ना. कधी सांगितलं, कोणत्या शब्दांत आणि तेव्हा तिची अवस्था काय होती, हे तुमच्यासमोरच घडलंय. म्हणून असं लिहायचं: "बाहेर आल्यावर ती थेट माठाजवळ गेली, मी मागे गेले. तिचे हात थरथरत होते, पाणी सांडलं. ती मला म्हणाली, ताई, त्यांनी माझा हात धरला, सोडंनात ओ. आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही, हे तिनं मला पाचेक मिनिटांत सांगितलं." घटनेनंतर लगेच, कुणाशी सल्लामसलत करायच्या आधी बोललेली गोष्ट आणि दोन महिन्यांनी विचार करून केलेली तक्रार यांच्यात तुमचं हे वाक्य दुवा जोडतं, कारण "हे सगळं नंतर रचलंय" हा तर समोरच्याचा ठरलेला बचाव असतो.

शब्द जसेच्या तसे ठेवा. आपल्याकडं पत्र लिहायला बसलं की माणूस एकदम सरकारी होतो, "सदर इसमाने असभ्य वर्तन केले" वगैरे. त्यातनं समितीला काहीच कळत नाही. ताईंना आठवतं की दसऱ्याच्या आसपास साहेब त्यांच्यादेखत रेखाला म्हणाले होते, "आज लई नटून आलीस, कुणासाठी गं?" तर हेच वाक्य असंच लिहायचं, बोललेल्या भाषेत, कुठं उभे होते आणि आणखी कोण होतं त्यासकट. "कायम त्रास देतात" या तीन शब्दांपेक्षा असं एकच वाक्य भारी पडतं. तसंच "सालस आहे, प्रामाणिक आहे" हे काढून टाका, तिचा स्वभाव हा चौकशीचा विषयच नाही, आणि तुम्ही तो काढला की समोरचाही तिच्या स्वभावाचे साक्षीदार घेऊन येतो. शेवटची "कडक कारवाई व्हावी" ही ओळपण नको, शिक्षा मागणाऱ्या साक्षीदाराकडं कुणी तटस्थ म्हणून बघत नाही.

तारखेचं काय?

"डिसेंबर महिन्यात" हे फार ढोबळ झालं, पण म्हणून अंदाजे तारीख ठोकून देऊ नका, त्यात तर लईच फजिती होते. तुम्ही 18 तारीख लिहिली आणि मस्टरवर त्या दिवशी तुमची रजा निघाली की मग बाकीचं पत्र कितीबी खरं असलं तरी कुणी धरत नाही. तारीख आठवत नसेल तर आधी खूण आठवा. ताईंना आठवतं की दुसऱ्या दिवशी वेळा अमावस्या होती, शेतात जायचं म्हणून त्या भज्जीचं सामान घ्यायला लवकर निघायच्या घाईत होत्या. म्हणजे आदला दिवस, कॅलेंडर बघितलं की तारीख मिळाली. मग मस्टर बघायचं, आपण आणि रेखा दोघीही हजर होतो का. वेळ सांगताना कॅश तीनला बंद झाली होती आणि टॅली चालू होती, म्हणजे साडेतीन-पावणेचारच्या सुमारास, असं लिहायचं. "सुमारास" लिहायला लाजू नका, जेवढं नक्की तेवढंच नक्की म्हणा.

तिघांची पत्रं, एकच भाषा

हे फार होतं. एकानं टाइप करायचं, बाकीच्यांनी नाव बदलून सह्या करायच्या, आणि तिन्ही पत्रांत "भयभीत अवस्थेत" हा शब्द त्याच ओळीत. समितीतल्या बाहेरच्या सदस्याच्या ते पहिल्या वाचनातच लक्षात येतं. प्रत्येकानं आपापलं लिहा, हातानं लिहिलं तरी चालतं, एकमेकांचं वाचू नका. तुम्ही साडेतीन म्हणालात आणि शिपाईदादा पावणेचार म्हणाले तर बिघडत नाही, उलट वेगवेगळ्या जागी बसलेल्या माणसांना गोष्ट थोडी वेगळीच दिसते. तक्रारदार मैत्रिणीला मसुदा दाखवून "अजून काय घालू?" असंही विचारू नका, जबाबात तो प्रश्न हमखास येतो.

साहेबांशी तुमचं आधी काही वाजलं असेल, समजा मागच्या वर्षी इन्क्रिमेंट अडवलं होतं, तर ते स्वतःच एका ओळीत लिहून मोकळं व्हा. लपवलं तर ते त्यांच्या उत्तरात येणारच आहे. कारण तक्रारीची एक प्रत, सोबत जोडलेल्या कागदांसकट, सात कामाच्या दिवसांत त्यांच्याकडं जाते, आणि त्यांना दहा कामाच्या दिवसांत आपलं म्हणणं, कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं द्यायची असतात. तुमचं पत्र समोरचा वाचणार आहे हे धरूनच लिहा. म्हणून रेखाच्या घरचं, नवऱ्याचं, सासरचं काहीही त्यात नको. आणि पत्राचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर चुकूनही नको, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तक्रारदार, समोरचा आणि साक्षीदार या तिघांचीही ओळख बाहेर काढायला मनाई आहे.

पत्र साहेबांच्या टेबलावर किंवा आवक-जावकला ठेवून यायचं नाही. समितीच्या अध्यक्षांच्या नावे बंद पाकिटात द्या, पोच घ्या, झेरॉक्स घरी ठेवा. संस्थेत दहापेक्षा कमी माणसं म्हणून समितीच नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर प्रकरण जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जातं, त्याची चौकशी कलेक्टर ऑफिसला करता येते.

चुकीचं पत्र आधीच देऊन बसला असाल तर

घाबरून गप्प बसू नका आणि पत्र परतही मागू नका, परत मागितलं की दबावाखाली फिरला असा अर्थ निघतो. जबाबाची तारीख यायच्या आधी पुरवणी पत्र द्या: "माझ्या अमुक तारखेच्या पत्रात साहेबांनी हात धरला असे लिहिले आहे. ते मी स्वतः पाहिलेले नाही, रेखा यांनी मला त्याच दिवशी सांगितले होते. मी स्वतः पाहिले ते पुढीलप्रमाणे." एवढंच, माफीबिफी लांबवायची गरज नाही. कायद्यात खोटी साक्ष देणाऱ्यावर कारवाईची शिफारस करता येते हे खरं आहे आणि त्याचीच भीती घालून साक्षीदारांना बसवतात, पण गोष्ट सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हेही त्याच कायद्यात तक्रारीच्या बाबतीत स्पष्ट लिहिलेलं आहे. धोका तिथं आहे जिथं न बघितलेलं बघितलं म्हणून लिहिलंय, आणि ते तर तुम्ही पुरवणीत दुरुस्त केलंच.

कुणी केबिनमध्ये बोलावून "तुमचं पत्र मागं घ्या, बदलीचं बघतो" असं म्हणालं तर भांडत बसू नका. बाहेर येऊन लगेच तारीख, वेळ, म्हणालेले शब्द आणि तेव्हा तिथं कोण होतं ते कागदावर लिहा आणि तोही कागद समितीच्या अध्यक्षांकडं पोच घेऊन द्या.