अर्धवट प्रकल्प पुढे न्यायचा की थांबवायचा? हिशेबातल्या या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दोन भावांनी घरच्या जमिनीवर काजू प्रक्रियेचा कारखाना काढायला घेतला आहे, असं धरू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण अशी प्रकरणं वाळपईपासून पेडण्यापर्यंत कुठेही सापडतील. शेड उभी राहिली, बॉयलर आला, बी फोडायची यंत्रं आली, परवाने झाले. आतापर्यंत 28 लाख गेले. भट्टी, साल काढायचं यंत्र आणि वाढीव विजेची जोडणी यांना अजून 12 लाख लागतील. दरम्यान कच्च्या बीचा भाव चढला आणि बाजारात स्पर्धाही वाढली. सुरुवातीला वर्षाला 9 लाख सुटतील असं वाटलं होतं, आता तसं दिसत नाही.

थोरला म्हणतो, "28 लाख घातले, आता थांबलो तर ते मातीत गेले. 12 घालून निदान काहीतरी हाती येईल." धाकटा म्हणतो, "दादा, 40 लाख घालून 40 लाखसुद्धा परत येत नाहीत. सोडून दे." दोघांचे कल उलटे असले तरी चूक एकच आहे. दोघेही 28 लाखांकडे बघून निर्णय घेत आहेत.

पहिली चूक: झालेला खर्च बेरजेत धरणं

निर्णयाशी संबंधित खर्च कोणता, हे दोन कसोट्यांवर ठरतं. तो पुढे व्हायचा असला पाहिजे आणि पर्याय बदलला की त्याची रक्कमही बदलली पाहिजे. 28 लाख पहिल्याच कसोटीवर बाद होतात. कारखाना चालवला काय आणि बंद ठेवला काय, ते गेलेच आहेत. हा बुडीत खर्च, म्हणजे सन्क कॉस्ट.

आता फक्त पुढचं मांडू. कारखाना पूर्ण केला तर आज 12 लाख जातील. पुढची 6 वर्षं दरवर्षी 3.5 लाख सुटतील आणि शेवटी यंत्रं विकून 2 लाख येतील. थांबलो तर यंत्रं आज 4 लाखांना जातील आणि शेड गोदाम म्हणून भाड्याने दिली की वर्षाला 1.2 लाख मिळतील. नुसती बेरीज केली तर पूर्ण करण्यातून 11 लाख आणि थांबण्यातून 11.2 लाख, म्हणजे जवळपास सारखंच. पण सहा वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. वर्षाला 10 टक्के व्याजदर धरला तर सहा वर्षं दरवर्षी मिळणाऱ्या एका रुपयाचं आजचं मूल्य साधारण 4.355 रुपये होतं. त्या हिशेबाने पूर्ण करण्याचं मूल्य 4.37 लाख आणि थांबण्याचं 9.23 लाख. थांबणं बरंच सरस ठरतं.

मग धाकटा बरोबर होता का? उत्तर बरोबर आलं, पण त्याची रीत चुकीचीच. वर्षाला 3.5 ऐवजी 5.5 लाख सुटत असतील तर काय होतं ते पाहा. त्याच्या रीतीने 40 लाख घालून सहा वर्षांत 33 लाख आणि यंत्रांचे 2, असे 35 लाख येतात. सरळ तोटा, म्हणून तो याही वेळी बंद करायला सांगेल. पण पुढचाच हिशेब केला तर पूर्ण करण्याचं मूल्य 13.08 लाख येतं, थांबण्याचं 9.23 लाखच राहतं. एकूण प्रकल्प तोट्यात असूनही पूर्ण करणं फायद्याचं. बुडीत खर्च माणसाला नको तिथे चिकटवून ठेवतो हे बहुतेकांना ठाऊक असतं. तोच खर्च हिशेबात धरून चालू ठेवण्याजोगं काम बंद पाडणारेही कमी नाहीत, त्यांच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही.

दोन्ही पर्याय नेमके कुठे समान होतात हेही काढता येतं. वर्षाला साधारण 4.61 लाख सुटले की दोन्ही सारखे. घरातला वाद इथपर्यंत आणावा: पुढची सहा वर्षं दरवर्षी 4.61 लाखांच्या वर सुटणार का? या प्रश्नाला बाजारभाव, बीचा उतारा आणि गिऱ्हाईक यांच्याकडे बघून उत्तर शोधता येतं. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनामुळे आपल्या मालाला जास्त भाव मिळेल का, हाही त्यातलाच भाग.

सुटणारी रक्कम काढताना होणारे घोटाळे

या कुटुंबाच्या हिशेबनीसाने केलेल्या कागदावर वर्षाचा नफा फक्त 1.36 लाख दिसत होता. विक्रीतून बी, मजुरी, इंधन आणि वीज वजा जाता 5.66 लाख उरत होते. त्यातून त्याने 2.30 लाख घसारा आणि 2 लाख कर्जाचं व्याज वजा केलं होतं. नफा-तोटा पत्रकासाठी हे योग्यच आहे. निर्णयासाठी मात्र दोन्ही काढून टाकायला हवेत. घसारा म्हणजे आधीच दिलेली किंमत वर्षांवर वाटणं, त्यात खिशातून नवा पैसा जात नाही. शिवाय त्यातला मोठा भाग त्या 28 लाखांचाच, म्हणजे बुडीत खर्च मागच्या दाराने आत आला. व्याजाचं असं की जुन्या कर्जाचा हप्ता कारखाना बंद ठेवला तरी बँक घेणारच. पर्याय बदलून तो बदलत नाही, म्हणून तो तुलनेत येत नाही. नवे 12 लाख कर्जाने उभे करणार असाल तर त्यांचं व्याज वरच्या 10 टक्क्यांत धरलेलंच आहे. ते पुन्हा वजा केलं तर तोच खर्च दोनदा लागतो.

हप्ता तुलनेत येत नाही म्हणजे तो भरायचा कुठून याची काळजी संपत नाही. हाती रोख किती राहील हा वेगळा कागद, तो वेगळाच करावा.

मग 5.66 लाख हाच खरा आकडा का? नाही, कारण त्यातून एक खर्च सुटला होता. कारखाना चालवायला धाकटा पणजीतली महिना 18,000 ची नोकरी सोडणार होता. कागदावर त्याचा पगार शून्य होता, कारण "घरचाच माणूस". पण कारखाना चालवायचा ठरला की वर्षाचे 2.16 लाख घरात यायचे थांबणार. ही संधी-किंमत. ती वजा केली की 3.5 लाख उरतात. 5.66 हा आकडा 4.61 च्या वर आहे, 3.5 खाली. सगळा निर्णय एका न लिहिलेल्या पगारावर फिरला. घरगुती धंद्यांत सर्वांत जास्त सुटणारी ओळ हीच, असं माझं मत आहे.

गोदामातल्या मालातही हेच होतं. समजा गेल्या हंगामात 125 रुपये किलोने घेतलेली 4 टन बी पडून आहे आणि आज तिला 140 मिळतात. थोरला म्हणतो, आपल्याकडे स्वस्त माल आहे, 125 नेच धरू. पण ती बी आजच 140 ने विकता येते, म्हणून कारखान्यात वापरली तर तिची किंमत 140. फरक 60,000 रुपयांचा आहे. तो फायदा माल धरून ठेवल्याचा, प्रक्रियेचा नव्हे. चार किलो बीतून साधारण एक किलो गर निघतो, म्हणजे बीच्या किलोमागे 15 रुपयांची चूक गराच्या किलोमागे 60 रुपयांची होते. उलट भाव 105 वर उतरला असेल तर 105 धरायचे, 125 दिले होते म्हणून हळहळायचं नाही. आणि पावसात ओल लागून ती बी विकण्याजोगी राहिलीच नसेल, पण आपल्याला वापरता येत असेल, तर तिची किंमत शून्यही असू शकते.

थांबायलाही पैसे लागतात

बुडीत खर्च विसरा, हे ऐकून काही जण मागचं सगळंच पुसून टाकतात. जुन्या करारांतून पुढे निघणारी देणी मात्र निर्णयाशी संबंधित असतात. यंत्राची मागणी रद्द केल्यास द्यावा लागणारा दंड, कामगारांची देणी, अनुदानाच्या अटी, या सगळ्यांचा त्यात समावेश होतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची रक्कम बँकेत तीन वर्षं अडकवून ठेवलेली असते. त्याआधी उद्योग बंद पडला तर ती हातची जाऊ शकते. आपल्या भावांनी असं काही घेतलं नव्हतं. पण थांबल्यामुळे 5 लाखांचं अनुदान परत जाणार असतं, तर थांबण्याचं मूल्य 9.23 वरून 4.23 लाखांवर आलं असतं आणि दोन्ही पर्याय जवळपास एका पातळीवर आले असते. यंत्र विकताना लागणारा कर जुन्या खरेदीच्या आकड्यांवर अवलंबून असतो, तोही कर सल्लागाराला विचारून या बाजूला लिहावा. जुनी किंमत बुडीतच राहते, पण तिच्यामुळे उद्या भरावा लागणारा कर बुडीत नसतो.

"फक्त एवढेच 12 लाख"

शेवटची चूक हिशेब बरोबर मांडणाऱ्यांकडूनच होते. मागचं सोडलं की उरलेला खर्च नेहमीच लहान वाटतो, आणि दर वेळी पुढे जाणंच शहाणपणाचं दिसतं. तो उरलेल्या खर्चाचा आकडाच कच्चा असेल तर शुद्ध हिशेबानेही माणूस खड्ड्यात जातो.

या कारखान्याचा मूळ अंदाज 30 लाखांचा होता. 18 लाख खर्च झाले तेव्हा 12 उरले होते. आता 28 झाले, तरी 12 च उरले आहेत. मध्ये 10 लाख गेले आणि बाकी काम तसूभर कमी झालं नाही. मागचा खर्च किंमत म्हणून निरुपयोगी असला तरी पुरावा म्हणून तो कामाचा असतो. खर्च वाढत गेला पण उरलेल्याचा आकडा हलला नाही, तर अंदाज करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. नवी दरपत्रकं मागवावीत, विजेच्या जोडणीचा लेखी आकडा घ्यावा.

हे काम पहिला निर्णय घेतलेल्या माणसाकडे देऊ नये. बॅरी स्टॉ यांनी 1976 मध्ये व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आधीच्या गुंतवणुकीचा निर्णय स्वतः घेतलेल्यांनी, ती फसल्याचं दिसूनही, कंपनीच्या त्याच विभागात जास्त पैसे ओतले. दुसऱ्याचा निर्णय हाती आलेले तितके चिकटले नाहीत. इथे थोरल्याने शेड बांधली आहे, तेव्हा उरलेल्या खर्चाचा कागद बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावा.

तो माणूस 12 ऐवजी 16 लाख सांगेल तर समतोलाचा आकडा 4.61 वरून साधारण 5.53 लाखांवर जातो. मग धाकट्याचा पगार शून्य धरून काढलेले 5.66 लाखही जेमतेमच वर राहतात, आणि बीचा भाव किलोला दोन-चार रुपयांनी चढला तर तेवढेही राहणार नाहीत.