वीव्हिंग मास्तरांसाठी बजेटची टिप्पणी मराठीत आणताना

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यासाठी हिशेबाच्या कागदांचा अनुवाद करायला लागलात, तर तुमचा वाचक कोण हे आधी नीट ओळखा. माझा नेहमीचा वाचक म्हणजे विणकाम विभागाचे प्रमुख, सगळे ज्यांना मास्तर म्हणतात ते. घरी तेलुगू, शाळा मराठी, आणि मागाच्या पॅनेलवरचं इंग्रजी पाठ. पण मुंबईच्या ऑफिसातून दर महिन्याला जो मॅनेजमेंट अकाउंट येतो, त्यातल्या तक्त्याखालचे इंग्रजी परिच्छेद त्यांना पकडता येत नाहीत. आकडे ते माझ्यापेक्षा लवकर वाचतात. अडतं ते ‘हा फरक फेवरेबल, तो ॲडव्हर्स, आणि त्याचं कारण असं’ सांगणाऱ्या गद्यापाशी. महिन्याच्या आढावा बैठकीत त्याच गद्यावरून त्यांना प्रश्न विचारले जातात.

नवख्या माणसाला वाटतं, फेवरेबल म्हणजे अनुकूल, ॲडव्हर्स म्हणजे प्रतिकूल, झालं काम. शब्द हेच ठेवायचे, मीही हेच वापरतो. ‘चांगला फरक’ आणि ‘वाईट फरक’ मात्र कधीच लिहू नका. अनुकूल याचा हिशेबातला अर्थ एवढाच, की त्या ओळीमुळे नफा बजेटपेक्षा वाढला. कोणी काम चांगलं केलं की वाईट, यावर तो शब्द काहीच बोलत नाही. हे एका उदाहरणावरूनच कळेल. उदाहरणातले आकडे मी सोपे करून घेतले आहेत.

एप्रिलचं बजेट असं होतं: 50,000 किलो टॉवेल काढायचे, एक किलो टॉवेलला वेस्टेज धरून 1.04 किलो सूत, आणि सुताचा दर किलोला 250 रुपये. म्हणजे 52,000 किलो सूत, 1 कोटी 30 लाख रुपये. प्रत्यक्षात माल निघाला 45,000 किलो. सूत लागलं 48,000 किलो, आणि खरेदी विभागाने नवा पुरवठादार धरल्यामुळे ते पडलं 242 रुपयांनी. खर्च झाला 1 कोटी 16 लाख 16 हजार. तक्त्यात सरळ फरक दिसतो 13 लाख 84 हजार, अनुकूल.

मास्तरांनी एवढंच वाचलं तर ते खूश होतील. पण यातले 13 लाख निव्वळ माल कमी निघाला म्हणून वाचलेले आहेत. 45,000 किलो टॉवेलना 46,800 किलो सूत लागायला हवं होतं, म्हणजे 1 कोटी 17 लाखांचं. निघालेल्या मालाच्या प्रमाणात कमी करून घेतलेल्या या बजेटला पुस्तकात लवचिक अंदाजपत्रक म्हणतात आणि ऑफिसात फ्लेक्स्ड बजेट. त्याच्याशी ताडून पाहिलं तर उरतो फक्त 84 हजारांचा अनुकूल फरक. आणि त्या 84 हजारांच्या पोटात दोन मोठे फरक एकमेकांना खाऊन बसले आहेत. किलोमागे 8 रुपये स्वस्त, गुणिले 48,000 किलो, म्हणजे दराचा फरक 3 लाख 84 हजार अनुकूल. 1,200 किलो सूत जास्त गेलं, गुणिले 250, म्हणजे वापराचा फरक 3 लाख प्रतिकूल. जे 5,000 किलो टॉवेल निघालेच नाहीत, ते तिकडे विक्रीच्या ओळीत प्रतिकूल होऊन बसलेले असतात. ती ओळ मास्तरांच्या पानावर नसते.

एवढी आकडेमोड अनुवादकाने का करायची? कारण इंग्रजी टिप्पणी हे सगळं दोन वाक्यांत उरकते, आणि ती वाक्यं कशाला धरून आहेत हे तक्त्याशिवाय समजत नाही. म्हणून टिप्पणीबरोबर एक्सेलची फाइल मागून घ्या. नुसत्या परिच्छेदावर काम करणं मी तरी सोडून दिलं आहे. एक बारकावा: काही कंपन्या दराचा फरक वापरलेल्या सुतावर न काढता खरेदी केलेल्या सुतावर काढतात. मग गोदामात साठा वाढलेल्या महिन्यात दराचा आणि वापराचा फरक मिळून एकूण फरक जुळत नाही. अशा वेळी अनुवादात खाडाखोड करत बसू नका, अकाउंटंटना विचारा.

आता त्या दोन वाक्यांचा घाईत केलेला अनुवाद बघा: ‘सुताच्या खर्चात 13.84 लाखांची बचत झाली. दरात 3.84 लाखांचा फायदा झाला, पण नवीन पुरवठादारामुळे विभागाने 3 लाखांचं सूत जास्त वापरलं.’ ऐकायला झकास मराठी आहे. आणि मूळ टिप्पणीत नसलेल्या तीन गोष्टी त्यात घुसल्या आहेत.

पहिली, ‘बचत’. माल कमी निघाला म्हणून खर्च कमी झाला, त्याला कोणी बचत म्हणत नाही. ‘बजेटपेक्षा कमी खर्च’ एवढंच लिहायचं.

दुसरी, ‘विभागाने वापरलं’. इंग्रजीत ही टिप्पणी नामांवर चालते. तिथे ‘प्रतिकूल वापर-फरक’ नुसता असतो, त्याला कर्ता नसतो. मराठीत वाक्य करायला गेलं की क्रियापद कर्ता मागतं, आणि हात सरावाने विभागाचं नाव लिहून मोकळा होतो. पण मराठीकडे यावर तिची स्वतःची सोय आहे. सूत ‘वापरलं’ म्हटलं की वापरणारा आला. सूत ‘लागलं’ म्हटलं की नाही आला. तसंच ‘वाया घालवलं’ आणि ‘वाया गेलं’, ‘तोडलं’ आणि ‘तुटलं’. मुळात कर्ता नसेल तर लागलं, गेलं, तुटलं. मुळात स्पष्ट लिहिलं असेल की विभागाने अमुक केलं, तर तसंच लिहायचं. मास्तरांची बाजू घेऊन ते मऊ करणं हेही आपलं काम नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महाग पडू शकते. मूळ इंग्रजीत होतं, पुरवठादार बदलल्यानंतर. अनुवादात झालं पुरवठादारामुळे. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांच्यातलं अंतर अकाउंटंटने बहुधा मुद्दाम राखलेलं असतं, कारण त्यालाही खात्री नसते. आणि इथे खात्री नसायला सबळ कारण आहे. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा 40 च्या वर असतो, हवा कोरडी ठाक. कोरड्या हवेत सुती धागा कमजोर पडतो आणि मागावर जास्त तुटतो. म्हणून तर शेडमध्ये ओलावा ठेवणारा प्लँट, म्हणजे फॉगर, चालवतात. तो प्लँट नीट चालत नसेल, तर जुन्या पुरवठादाराचं सूतही तुटलं असतं. सूत हलकं की हवा कोरडी, हे मास्तर मागांच्या तुटीच्या नोंदीवरून सांगू शकतात: एकाच शेडमध्ये जुन्या लॉटच्या बीमवरचा, म्हणजे ताण्याच्या रुळावरचा, धागाही तेवढाच तुटत होता का? त्यांना हा मुद्दा बैठकीत मांडता यावा, म्हणून टिप्पणीने जो प्रश्न उघडा ठेवला आहे तो आपण बंद करायचा नसतो. ‘बऱ्याच अंशी’, ‘काही अंशी’, ‘असं दिसतं’ ही अर्धवट वाटणारी पदंही याच कारणाने जशीच्या तशी आणा, गाळू नका.

मी दिलेला मसुदा साधारण असा: ‘या महिन्यात सुतावर बजेटपेक्षा 13.84 लाख रुपये कमी खर्च झाला. हे मुख्यतः उत्पादन कमी निघाल्यामुळे. प्रत्यक्ष निघालेल्या मालाला लागू होणारं बजेट धरलं, तर फरक 84 हजार अनुकूल राहतो. दराचा फरक 3.84 लाख अनुकूल आहे, पण त्यातले 3 लाख वापराच्या प्रतिकूल फरकात गेले. वापरातला हा फरक पुरवठादार बदलल्यानंतरच्या काळात दिसला आहे.’ दुसऱ्या वाक्यात ‘मुळे’ ठेवला आहे, कारण तिथे गणितच ते सिद्ध करतं.

खर्च पुढे ढकलला जातो तेव्हा असाच घोळ होतो. समजा, मागांच्या ओव्हरहॉलिंगचे 4 लाख एप्रिलच्या बजेटमध्ये होते आणि काम जूनवर गेलं. एप्रिलमध्ये 4 लाख अनुकूल, शेजारी इंग्रजीत एकच शब्द, टायमिंग. त्याचं ‘वेळेमुळे अनुकूल’ असं भाषांतर मी पाहिलं आहे. त्यातून कोणालाच काही कळत नाही. ‘हा खर्च एप्रिलमध्ये झाला नाही, जूनमध्ये होणार आहे, तेव्हा हा फरक उलटेल’ असं सरळ लिहा. मात्र जून हा महिना टिप्पणीत किंवा फाइलमध्ये असेल तरच. नसेल तर ‘पुढे होणार आहे’ एवढ्यावर थांबा.

चिन्हांचं थोडक्यात. काही तक्त्यांत प्रतिकूल फरक कंसात असतो, काहींत कंस म्हणजे नुसता उणे आकडा, आणि खर्चाच्या ओळीत उणे म्हणजे अनुकूल असू शकतं. कोणता नियम आहे हे ओळखायला निव्वळ नफ्याची ओळ बघा: प्रत्यक्ष नफा बजेटपेक्षा कमी असेल आणि फरक कंसात असेल, तर त्या ओळीपुरता कंस म्हणजे प्रतिकूल. मग खर्चाची एक ओळ घेऊन तोच नियम तिथे टिकतो का ते पडताळा. एकदा कळलं की मराठी पानावर कंस ठेवूच नका, प्रत्येक आकड्यापुढे अनुकूल किंवा प्रतिकूल असं अक्षरात लिहा. तक्ता हजारांत असेल तर 384 चे 3.84 लाख करून द्या आणि वर तशी ओळ टाका. दशलक्षातला तक्ता आला तर एक शून्य इकडेतिकडे होतं, म्हणून तिथे दोनदा मोजा.

एक काम दरपत्रक ठरवताना बहुतेक जण विसरतात. टिप्पणी वाचल्यावर मास्तर उत्तर देतात, आणि ते इंग्रजीत न्यायचं तेही आपणच. ते बोलतात असे: ‘अहो, सूत तुटतच होतं, आम्ही काय करणार? फॉगर दोन आठवडे बंद. मेंटेनन्सला सांगितलं होतं.’ इथे उलटा धोका असतो. इंग्रजीत नेताना हे सगळं एका नामात कोंबलं, की बंद फॉगर आणि मेंटेनन्सला दिलेली सूचना दोन्ही गायब होतात. म्हणून मी तीन गोष्टी त्यांच्याकडून लिहून घेतो: प्लँट कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद होता, सूचना तोंडी दिली की रजिस्टरमध्ये नोंद आहे, आणि त्या दिवसांत कोणत्या लॉटचं सूत मागावर होतं. तारखा मिळाल्या की इंग्रजी वाक्य आपोआप सरळ होतं, आणि अकाउंटंटला पुढच्या महिन्यात ‘नंतर’च्या जागी ‘मुळे’ लिहायचं की नाही ते ठरवता येतं.